आत्याचा पन्हा

साडीला माप नसते, असे मानणाऱ्या पुरुषांपैकी मी एक होतो. शर्टाला नंबर असतो, चपलेला नंबर असतो, साडी मात्र साडेपाच मीटरचे सरळ कापड. ते ज्याला द्यावे त्याला बसते, अशी माझी समजूत होती. वडिलांचे गुडघे जिना चढण्यास नकार देऊ लागले आणि आत्याच्या भाऊबीजेची साडी आणण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी ते याच समजुतीच्या बळावर दहा मिनिटांत उरकले होते. आत्याने ती साडी डोळ्यांसमोर धरली, उभी घडी मोडली, पुन्हा घातली आणि म्हणाली, "छान आहे. घरात नेसायला होईल."

"घरात नेसायला होईल" हा आमच्या घराण्यातील फाशीचा हुकूम आहे, हे मला बायकोने परतीच्या वाटेवर समजावून सांगितले. साडीचा दोष रंगात नव्हता, काठात नव्हता, पन्ह्यात होता. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, आणि साडी नेसल्यावर ही रुंदीच अंगावर उंची होऊन उभी राहते. माझ्या साडीचा पन्हा ४४ इंच होता. त्यातले ३ इंच कमरेला खोचण्यात गेले की खाली लोंबायला ४१ उरतात. पाच फूट आठ इंच उंचीच्या आत्याला कमरेपासून टाचेपर्यंत ४३ तरी लागतात. उरलेल्या दोन इंचांतून परकर डोकावतो, आणि चारचौघांत परकर दिसण्यापेक्षा आत्या लग्नाला न जाणे पसंत करील. लांबी कमी पडली तर दोन निऱ्या कमी घालून निभावता येते. पन्हा कमी पडला तर कोणताच उपाय चालत नाही.

त्यामुळे गेल्या वर्षी मी तयारीने उतरलो. दसऱ्याच्या आधी कोरेगावला आत्याकडे गेलो आणि माजघरातून चहाची वाट पाहत असताना माझे लक्ष मागील दारच्या दोरीवर गेले. तिथे एक साडी वाळत होती. खिशातली मोजपट्टी काढून मी घाईघाईने पन्हा मोजला. तो साडेतेवीस इंच भरला. या आकड्यात एखादे लहान मूल गुंडाळता येईल, आत्या नव्हे. मग लक्षात आले की वाळत घालताना साडीला उभी दुमड घातलेली असते. दुप्पट केल्यावर ४७ झाले आणि मला पाणिनीला सूत्र सुचल्यासारखा आनंद झाला. नवी सुती साडी पहिल्या धुण्यात थोडी आटते, त्याचा एक इंच धरून मी वहीत ४८ लिहिले.

आवडीचा तपास मात्र याहून अवघड निघाला. "आत्या, तुला कोणता रंग आवडतो?" असे विचारले तर "मला काही आणू नकोस, कपाट भरलेय" हे उत्तर ठरलेले असते. वडील शपथेवर मोरपंखी सांगत होते; पण त्यांची माहिती आत्याच्या लग्नाच्या वेळची होती. शेवटी मी एवढेच पाहिले की तिच्या कोणत्या साडीचा पदर सर्वांत विटला आहे. ज्या साडीची तोंडभर स्तुती होते ती कपाटात राहते आणि जी आवडते ती विटते. ती जुनी गडद निळी इरकल होती. प्रश्न मिटला, असे मला वाटले.

साताऱ्यात खणआळीत एका दुकानाच्या गादीवर मी पाय मोकळे करून बसलो आणि अधिकाराने म्हणालो, "इरकल. निळी. पन्हा ४८." अशिलाने कलम सांगितल्यावर वकील पाहतो तसे दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. त्यानंतर समोर साड्यांचा ढीग झाला. इरकलबद्दल मी थोडे विचारून आलो होतो. हिचे अंग सुती, पदर लाल रेशमी, आणि त्या पदराचे उभे धागे अंगाच्या उभ्या धाग्यांना विणण्याआधीच जोडलेले असतात. म्हणून अंग संपून पदर सुरू होतो तिथे बारीक सांधा दिसतो आणि पदराचा लाल अगदी निर्भेळ उतरतो. सगळी साडी एकाच निळ्या ताण्यावर विणली, तर त्यावर लाल आडवे धागे कितीही घातले तरी निळा आतून डोकावतो आणि पदर वांग्याच्या भरताच्या रंगाकडे झुकतो. स्वस्त साडीत मला नेमका तोच रंग दिसला. सांधा शोधण्यासाठी मी साडी नाकाशी धरली, तेव्हा शेजारच्या बाईंनी मला दृष्टिदोष असावा अशा करुणेने जागा करून दिली.

साडी ठरली, पण पन्ह्याची खात्री मला डोळ्यांनी करून घ्यायची होती. दुकानातला मुलगा तत्परतेने उठला, साडी पँटवरून गुंडाळून त्याने झटक्यात निऱ्या पाडल्या आणि पदर खांद्यावर टाकून म्हणाला, "बघा साहेब, जमिनीला टेकतीय." टेकणारच. तो मुलगा पाच फूट तीन इंचांचा होता. तसल्या नमुन्यावर तर माझी मागची साडीही उत्तम दिसली असती. त्या दुकानात आत्याच्या उंचीचा माणूस एकच होता. उंची आमच्या घराण्यातच आहे.

मी उठलो. मुलाने माझ्या पट्ट्यात साडी खोचली, निऱ्या घातल्या आणि पदर माझ्या खांद्यावरून मागे सोडला. काठ नेमका टाचेवर आला. मी समाधानाने खाली पाहत असताना दारातून माझ्या कचेरीतले वरिष्ठ सपत्नीक आत आले. आम्ही एकमेकांना नमस्कार केला. निळा तुम्हाला बरा दिसतो, एवढेच ते म्हणाले. त्यांच्या पत्नी काही म्हणाल्या नाहीत, पण त्यांनी काठ निरखून पाहिला.

"फॉल-पिको करून ठेवू? ब्लाउजपीस कापून देऊ?" दुकानदाराने विचारले. दोन्हींना मी ठाम नकार दिला. फॉल शिवला की साडी परत घेतली जात नाही, आणि ब्लाउजपीस कापला की साडीवर आपला शिक्का बसतो. आत्याचा निकाल लागेपर्यंत साडी कोरी राहणेच शहाणपणाचे होते.

भाऊबीजेला आत्याने पुडके सोडले. आधी पदर उलटा करून सांधा पाहिला, मग पन्हा कमरेला लावून पायाकडे पाहिले. बराच वेळ ती बोलली नाही. "४८ आहे," मी राहवेना म्हणून सांगितले, "तुझी दोरीवरची साडी मोजून घेतला."

"दोरीवरची? मागच्या दारची?"

"हो."

"अरे, ती आमच्या भाडेकरणीची. ती तर माझ्या खांद्याला लागते. साडी नेहमी वर ओढून खोचते बिचारी." आत्याने साडीची पुन्हा घडी घातली, पण ती कपाटात न ठेवता खुर्चीच्या पाठीवर टाकली. "हिला फॉल लावून आण. आणि पुढच्या वर्षी काही आणू नकोस, कपाट भरलेय. आणलीसच, तर दुकानात पुन्हा तूच नेसून बघ."

वरिष्ठांच्या पत्नी आत्याच्या भजनी मंडळात आहेत, हे मला त्यानंतर कळले.