"आत्या, एक राजीनामा लिहून दे ना"

परवा रात्री भाच्याचा मेसेज आला. "आत्या, एक राजीनामा लिहून दे ना. आजच हवाय." बस्स, एवढंच. कुठलं पद, नोटीस किती, का सोडतोय, साहेबांशी बरं आहे की वाजलंय, काही म्हणजे काही नाही. मी बरीच वर्षं एचआरमध्ये होते, त्यामुळे घरच्यांचे असे मेसेज मला नवीन नाहीत. आधी यायचे, आता जरा जास्तच येतात.

पूर्वी मी काय करायचे, तर उलट प्रश्नांची सरबत्ती. अपॉइंटमेंट लेटर कुठे आहे? प्रोबेशन संपलं का? बॉण्ड आहे का? कारण काय लिहायचं? समोरचा "बघतो नंतर" म्हणून गप्प व्हायचा आणि मग कुठूनतरी एखादा तयार नमुना उचलून, नाव बदलून पाठवून मोकळा व्हायचा. त्या नमुन्यात हमखास "तात्काळ प्रभावाने" असायचं. दोन महिन्यांची नोटीस असलेल्या माणसाने "तात्काळ प्रभावाने राजीनामा देत आहे" असं लिहून द्यायचं, आणि मग फुल अँड फायनलमध्ये नोटीसचे पैसे कापले की मला फोन करायचा. मी फार विचारलं म्हणून हे झालं, असं माझ्या हळूहळू लक्षात आलं.

त्यामुळे हल्ली मी आधी पत्र लिहून देते आणि मग विचारते, तेही फक्त दोन प्रश्न. काही माहिती नसताना राजीनामा लिहिता येतो का? येतो. उलट माहिती नसते तेव्हाच तो चांगला होतो, कारण मग तुम्ही त्यात नको ते घालत नाही. भाच्याला पाठवलेलं पत्र जसंच्या तसं देते.

विषय: राजीनामा
दिनांक: ____

आदरणीय ____,

मी ____ या पदाचा राजीनामा देत आहे. माझ्या नेमणूक पत्रातील अटीनुसार नोटीस कालावधी पूर्ण करून ____ हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल. तोपर्यंत हातातील कामे नीट सोपवून देईन.

इथे काम करण्याची संधी दिल्याबद्दल आभारी आहे. हे पत्र मिळाल्याचे कृपया कळवावे.

आपला,
____

झालं. पाच रिकाम्या जागा. भाच्याचा लगेच मेसेज, "एवढंच? फार कोरडं वाटतंय गं." त्याला वाटत होतं की निदान पानभर तरी असेल, कंपनीने मला घडवलं वगैरे.

कोरडं वाटतं, कारण राजीनाम्याकडे आपण निरोपाचं भाषण म्हणून बघतो. खरं तर ती एक सूचना आहे. मी जातोय, अमुक तारखेला जातोय. हे पत्र तुमच्या फाइलला लागतं आणि तुम्ही गेल्यावर वर्षानुवर्षं तिथेच राहतं. तुम्हाला ओळखतही नसलेला माणूस कधीतरी ते उघडतो आणि त्यात दोनच गोष्टी शोधतो: स्वतःहून सोडलं का, आणि कधी. बाकी जे जे लिहाल ते एकतर कुणी वाचत नाही किंवा नको तेव्हा वाचतं. आभार मानायचे असतील तर शेवटच्या दिवशी वेगळा मेल करा, सगळ्यांना करा, हवा तेवढा मोठा करा.

सूर कुठला हवा हे सांगितलं नसेल तर साधा, सभ्य सूर धरायचा. त्यात चुकायला जागा नाही. साहेबांशी गळ्यात गळा असेल तरी हे पत्र चालतं आणि विस्तव जात नसेल तरी चालतं. कारणाचंही तसंच. "का सोडतोय" हे साहेब तोंडी विचारणारच आहेत, तेव्हा काय सांगायचं ते तेव्हा ठरवा. पत्रात कारण नसलं म्हणून राजीनामा अडल्याचं मी माझ्या टेबलावर एकदाही पाहिलं नाही. काही ठिकाणी फॉर्ममध्येच कारणाचा रकाना असतो, तिथे दोन शब्द भरावे लागतात, ते वेगळं.

एक वाक्य मात्र मी मुद्दाम टाळलंय, ते म्हणजे "मला शक्य तितक्या लवकर मुक्त करावे". दिसायला किती नम्र! पण त्याचा अर्थ, तुम्हीच लवकर सोडा म्हणालात. कंपनीने पुढच्याच शुक्रवारी सोडलं आणि नवी नोकरी दीड महिन्याने सुरू होत असेल, तर मधला पगार मागायला तोंड राहत नाही. खरंच लवकर जायचं असेल तर तारीख घालून विचारा. "अमुक तारखेला सोडता येईल का, नाहीतर वरची तारीख कायम" असं.

तसंच "राजीनामा मंजूर करावा ही विनंती". ही आपल्या हाताची सवय आहे, रजेच्या अर्जापासून लागलेली. ज्या नोकऱ्यांत राजीनामा मंजूर झाल्याशिवाय सुटका नाही, तिथे ती ओळ हवीच. बाकी ठिकाणी "देत आहे" पुरे.

आता रिकाम्या जागा. नाव, पद, साहेबांचं नाव, आजची तारीख, हे ज्याचं त्याला माहीत असतं. खरी अडचण एकच, शेवटचा दिवस. आणि नेमका तोच लिहून देणारा माणूस अंदाजाने भरतो. "साधारण महिनाच असतो की", असं म्हणून तीस दिवस धरले की पत्र इतकं पूर्ण दिसतं की मागणारा तपासतच नाही. रिकामी जागा डोळ्यात खुपते, चुकीची तारीख खुपत नाही. म्हणून मी ती रिकामीच ठेवते, आणि ठळक ठेवते. (एकाने माझं पत्र "____ या पदाचा" असंच पाठवून दिलं होतं. हसू झालं खरं, पण त्याच दिवशी दुरुस्त झालं. चुकीची तारीख अशी एका दिवसात दुरुस्त होत नाही.)

तर माझा पहिला प्रश्न: "नेमणूक पत्रात नोटीस किती लिहिलीय, आणि शब्दशः काय लिहिलंय?"

भाचा म्हणाला, "दोन महिने." म्हटलं, पत्र उघड आणि वाच. तर तिथे होतं "साठ दिवस, लेखी सूचना मिळाल्यापासून". याने नव्या ठिकाणी 5 ऑगस्टला येतो म्हणून कबूल करून टाकलेलं. मग बसलो हिशोब करत. राजीनामा तो पाठवणार होता शुक्रवारी, 5 जूनला, तेही रात्री घरी आल्यावर. 5 जूनला पत्र मिळालं असं धरलं आणि दुसऱ्या दिवसापासून मोजलं, तर जूनचे 25 दिवस, जुलैचे 31, झाले 56. उरलेले चार ऑगस्टमध्ये. म्हणजे 4 ऑगस्ट, मंगळवार. बुधवारी नवी नोकरी. अगदी काठावर, पण जमतंय.

पण शुक्रवारी रात्री पाठवलेला मेल साहेब उघडणार सोमवारी, 8 जूनला. "मिळाल्यापासून" या शब्दाचा अर्थ एचआरने तसा लावला तर मोजणी 9 जूनपासून. जूनचे 22, जुलैचे 31, त्रेपन्न, आणि वर सात. 7 ऑगस्ट, शुक्रवार. इथे नव्या ऑफिसात हजेरी लागायची आणि तिथे जुन्या ऑफिसात तीन दिवसांची नोटीस कमी भरायची. तीन दिवसांचे पैसे कापले जाणं एक वेळ चालेल, पण रिलीव्हिंग लेटर अडलं की नवी कंपनी दारात उभं करत नाही.

उपाय सोपा होता. शुक्रवारी दुपारीच, ऑफिसच्या वेळेत पाठव, एचआरला कॉपीत ठेव, आणि संध्याकाळच्या आत "मिळालं" एवढं उत्तर घे. पत्रातली शेवटची ओळ त्यासाठीच आहे. पुष्कळांना ती उद्धट वाटते. मला नाही वाटत.

दुसरा प्रश्न मी जपून विचारते: "जाताना काही भांडण आहे का? पगार थकलाय, त्रास दिलाय, जबरदस्तीने लिहून घेतायत, असं काही?" फक्त हो की नाही. कारण हो असेल तर वरचं गोड पत्र बिलकुल द्यायचं नाही.

हे मी स्वतः चुकून शिकले. खूप वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने असाच घाईत राजीनामा मागितला. काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला लिहायची हौस, त्यामुळे मस्त पत्र लिहिलं. वैयक्तिक कारणांमुळे सोडत आहे, इथले दिवस कायम स्मरणात राहतील, आणि नुसतं वाक्य सजवायला म्हणून, "माझी कोणतीही तक्रार नाही". तिचा तीन महिन्यांचा इन्सेंटिव्ह थकलेला होता आणि ती त्यालाच वैतागून सोडत होती. पुढे तिने पैसे मागितले तेव्हा त्यांनी हेच पत्र पुढे ठेवलं. बाई, तुम्हीच तर लिहिलंय तक्रार नाही म्हणून. पैसे मिळाले शेवटी, पण अर्धे, आणि खूप फेऱ्या मारून. तिने मला कधी बोल लावला नाही. मला मात्र ती ओळ अजून पाठ आहे.

तेव्हापासून भांडण असेल तर आभाराचं वाक्य काढते, सोडण्याचं कारण अंदाजाने लिहीत नाही, आणि एक ओळ घालते: "माझी अमुक महिन्यांची थकबाकी प्रलंबित आहे." आकडा आणि महिने घालून, विशेषणं न लावता. आणि जबरदस्तीने लिहून घेत असतील तर पत्रच लिहून देत नाही. आधी जाणकार वकिलाला भेट, म्हणते. सही एकदा झाली की "मनाविरुद्ध केली" हे दाखवणं फार जड जातं.

भाच्याचं सुदैवाने भांडण नव्हतं, नुसतं दुसरीकडे जास्त मिळत होतं. त्याने जागा भरल्या, शुक्रवारी दुपारी सव्वादोनला पाठवलं. चारला साहेबांचं उत्तर आलं, "रिसीव्ह्ड. केबिनमध्ये ये." त्याचा मला लगेच मेसेज, "आत्या, आता आत जाऊन काय सांगू?"