शेवटची तारीख, पण कुणाची?

मी घरी राख्या करून विकते. पहिल्या वर्षी प्रत्येक राखीच्या फोटोखाली एकच ओळ होती : ‘मोराची राखी, रेशमी धागा.’ आता त्याच मोराखाली दीड पान मजकूर असतो, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य कुणा ना कुणाच्या फोननंतर वाढलेलं आहे.

सुरुवात झाली धाग्यापासून. मोर चार सेंटिमीटरचा, दोन्ही बाजूंना आठ-आठ सेंटिमीटर धागा, म्हणजे एकूण वीस. आमच्या ह्यांच्या मनगटाचा घेर अठरा. गणित बसलं म्हणून मी खूश! गाठ मारायलाही धागा लागतो, हे गणितात आलंच नव्हतं. मनगटाला वेढा घातल्यावर उरले दोन सेंटिमीटर, म्हणजे एका बाजूला एक. तेवढ्यात मुंगीसुद्धा गाठ मारणार नाही. बोटांच्या चिमटीत धरायला प्रत्येक टोक निदान सहा सेंटिमीटर हवं, म्हणून मी धागा दोन्ही बाजूंना तेरा-तेरा केला.

तरी एका ताईंचा फोन आलाच. “अहो, धागा भरपूर आहे, पण बांधणार कोण? भाऊ बंगळूरला एकटा राहतो.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पोस्टानं जाणारी राखी पुष्कळदा भाऊच स्वतःला बांधतो : एका हातानं, दुसरं टोक दातात धरून, समोर फोनवर बहीण “अरे, उलटी बांधलीस, मोर खाली डोकं करून बसलाय” म्हणून ओरडत असते. तेव्हापासून परगावच्या राख्यांना सरकगाठ देते. तिथंही एकदा फसले. ओढून घट्ट केल्यावर मनगटाला छान बसायची, पण हातात शिरायचीच नाही. मनगट अठराचं असलं तरी अंगठा आत दुमडलेला पंजा बावीस-चोविसाचा भरतो. त्यामुळे आता वर्णनात लिहिते : ‘पूर्ण उघडल्यावर घेर 26 सेंटिमीटर.’ हे वाचून एक काकू म्हणाल्या, “राखी आहे की कमरपट्टा?”

पॅकिंगचं दुःख वेगळं. श्रावणात पाकीट भिजणारच, म्हणून आत प्लॅस्टिकची पिशवी घातली. पिशवीत राखी, अक्षता आणि कुंकवाची पुडी. पुडी फुटली. पांढऱ्या मोत्यांचा मोर गुलाबी होऊन पुण्याहून इंदूरला पोचला, आणि भावानं ‘रंग फोटोपेक्षा छान आहे’ असं कळवलं. मी गप्प बसले. पुढच्या खेपेला वाटेत कुठेतरी शिक्का बरोबर मोराच्या डोक्यावर बसला आणि डोक्यावरचा खडा निखळला. आता दोन जाड पुठ्ठे घेते, वरच्याला मोराएवढी खिडकी कापते आणि राखी त्या खळग्यात बसवते, म्हणजे वरून येणारा भार पुठ्ठा झेलतो. कुंकू वेगळ्या झिपच्या पिशवीत. पाठवण्याआधी पाकीट रात्रभर शब्दकोशाखाली ठेवते. सकाळी मोर शाबूत असला तर तो प्रवासाला लायक.

पण सगळ्यात जास्त फोन आणले ते ‘शेवटची तारीख’ या दोन शब्दांनी. 2024 साली राखीपौर्णिमा 19 ऑगस्टला, सोमवारी होती. मी उलटं मोजलं : 18 ला रविवार, 15 ला स्वातंत्र्यदिन. शनिवारपर्यंत पाकीट हातात पडायचं, तर 12 ला टाकल्यावर मधे कामाचे चारच दिवस, 13, 14, 16 आणि 17. म्हणून ठसठशीत लिहिलं : ‘शेवटची तारीख 12 ऑगस्ट.’

12 तारखेला रात्री पावणेबाराला नाशिकच्या एका ताईंची ऑर्डर आली. सकाळी मी विचारलं, “थेट भावाकडेच पाठवू ना?”

“छे! आधी माझ्याकडे. मी चिठ्ठी घालून पाठवीन ना दिल्लीला.”

“पण शेवटची तारीख काल होती.”

“मग? मी कालच मागवली की!”

बोलणं बिनतोड होतं. शेवटची तारीख माझी, त्यांची की पोस्टाची, हे मी कुठे लिहिलं होतं? त्यांनी चिठ्ठी मला फोनवर सांगितली, मी ती उतरवून घेतली. ‘दादा, औषधं वेळेवर घे आणि आईला फोन करत जा’ हे माझ्या अक्षरात पाकिटात गेलं. राखी 17 ला पोचली. दादांनी ताईंना विचारलं म्हणे, “तुझं अक्षर एवढं चांगलं कधी झालं?”

तेव्हापासून मी दोन तारखा लिहिते. एक ‘थेट भावाकडे पाठवायची असल्यास’ आणि दुसरी, तिच्या सहा दिवस आधीची, ‘तुमच्या हातून जायची असल्यास’. खाली धागा, घेर, पुठ्ठा, कुंकू, सगळं.

काल सकाळी या वर्षीचा मजकूर टाकला. दहा मिनिटांत पहिला निरोप आला : “मोर छान आहे. धागा किती आहे हो? आणि कधीपर्यंत सांगू?”