स्क्रीनशॉटने अडकलेलं पेमेंट सापडत नाही

"परदेशातलं पेमेंट अडकलं तर क्लायंटला एकच कडक ओळ लिहा: पैसे आले नाहीत, प्रूफ लगेच पाठवा, नाहीतर काम बंद. स्क्रीनशॉट आला की बँकेत दाखवा, झालं. सोबत दुसरा खाते क्रमांकही देऊन टाका, वेळ वाचतो."

असा सल्ला कुणी दिला तर तो पाळू नका. आधी त्यातल्या स्क्रीनशॉटचं बघू. त्यावरून कळतं ते एवढंच, की क्लायंटच्या खात्यातून रक्कम वजा झाली. कधी तेवढंही नसतं, पेमेंट पुढच्या तारखेला लावून ठेवलेलं असतं. आपल्या बँकेच्या फॉरेक्स विभागाला शोध घ्यायला UETR लागतो. पाठवणारी बँक प्रत्येक स्विफ्ट पेमेंटला हा 36 चिन्हांचा क्रमांक देते आणि वाटेतल्या सगळ्या बँकांकडे तोच राहतो. दिसतो असा:

```
xxxxxxxx-xxxx-4xxx-xxxx-xxxxxxxxxxxx
```

तो नसेल तर काउंटरवर "आमच्याकडे काही आलेलं नाही" हेच ऐकायला मिळतं. म्हणून नुसतं 'प्रूफ' मागू नका. UETR मागा आणि MT103 ची, म्हणजे बँकेने पाठवलेल्या पेमेंट संदेशाची, प्रत मागा. आता बँकांमधला संदेश pacs.008 या नव्या नमुन्यात जातो, पण बँकवाल्यांच्या तोंडी अजून MT103 हेच नाव आहे, त्यामुळे दोन्ही नावं लिहिलेली बरी. काही जण क्लायंटकडे एफआयआरसी, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचा दाखला मागतात. तो बिचारा कुठून देणार? पैसे जमा झाल्यावर तो दाखला आपलीच बँक देते.

माझंच उदाहरण सांगतो. जर्मनीतल्या क्लायंटने 1,800 युरो पाठवले आणि आठ दिवस काहीच नाही. त्याने स्क्रीनशॉट पाठवला, त्यावर 'पेमेंट झालं' असं जर्मनमध्ये लिहिलेलं. तो घेऊन मी शाखेत दोन हेलपाटे मारले. शेवटी MT103 आला तेव्हा रकाना 59 पाहिला. तिथे लाभार्थी म्हणून माझ्या स्टुडिओचं नाव होतं आणि खातं माझ्या वैयक्तिक नावावर. इनव्हॉइसवर मीच मोठ्या अक्षरात स्टुडिओचं नाव टाकलं होतं, क्लायंटने तेच उतरवलं. रक्कम आमच्याच बँकेच्या मध्यवर्ती विभागात नाव जुळत नाही म्हणून थांबली होती आणि शाखेला त्याचा पत्ता नव्हता. क्लायंटच्या बँकेने नावाची दुरुस्ती कळवली आणि चार दिवसांत पैसे आले.

तेव्हापासून क्लायंटला लिहिण्याआधी मी आपल्या बँकेचे ईमेल चाळतो, स्पॅमसकट. पैसे कशासाठी आले ते सांगणारा पर्पज कोड किंवा इनव्हॉइस मागणारं पत्र तिथे पडलेलं असू शकतं. तसं असेल तर क्लायंटला त्रास द्यायचं कारणच नाही.

आता धमकीबद्दल. पैसे त्याच्या खात्यातून गेले असतील तर तोही अडकलेलाच आहे. शिवाय रीतसर चौकशी सुरू करायला पाठवणारी बँक लागते आणि ती ऐकते तिच्या ग्राहकाचं, म्हणजे क्लायंटचं. ज्याने आपल्यासाठी बँकेत फोन करायचा त्यालाच दम देऊन काय मिळणार? उलट घाबरून तो पेमेंट रद्द करायला सांगतो किंवा दुसऱ्यांदा पाठवतो, आणि मग दोन्हींचा हिशेब लावत बसा.

सगळ्यात घातक सल्ला दुसऱ्या खात्याचा. 'पेमेंट अडकलंय, या नव्या खात्यात पाठवा' हा ईमेल भामट्यांचा ठरलेला आहे. जागरूक क्लायंट तो वाचून सगळंच थांबवेल, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

मी पाठवतो त्या इंग्रजी ईमेलचा आशय असा:

"इनव्हॉइस 47 चे 1,800 युरो तुम्ही 3 तारखेला पाठवल्याचं कळवलंत, त्याबद्दल आभार. आजपर्यंत ते माझ्या खात्यात जमा झालेले नाहीत. माझ्या बँकेला ते शोधण्यासाठी UETR आणि MT103 किंवा pacs.008 ची प्रत हवी आहे. दोन्ही तुमच्या बँकेकडे मिळतील. इनव्हॉइसवरचं लाभार्थीचं नाव आणि खात्याचे शेवटचे चार अंक एकदा जुळवून पाहाल का? माझं खातं बदललेलं नाही. शोध लागेपर्यंत कृपया पेमेंट रद्द करू नका किंवा पुन्हा पाठवू नका."

यात 'पुरावा' हा शब्दच नाही. संशय घेतोय असं न वाटता जे हवं ते मागितलं जातं, आणि क्लायंट हा मजकूर जसाच्या तसा त्याच्या बँकेला पुढे पाठवू शकतो.

कडक व्हायची वेळही येते. आठवडाभर मागूनही UETR मिळत नसेल, तर आधी पेमेंट बँकेतून केलं की एखाद्या मनी ट्रान्सफर ॲपमधून, ते विचारा. ॲपचं असेल तर त्याचा व्यवहार क्रमांक मागा. बँकेतून स्विफ्टने केलं म्हणत असेल आणि तरी क्रमांक नसेल, तर ते पेमेंट बहुधा निघालेलंच नाही. तेव्हा काम थांबवल्याचं खुशाल कळवा.