20 बाय 20 मध्ये 10 गाई? आधी टेप धरा

सध्या एक मेसेज फिरतोय: “एका गाईला 40 चौरस फूट जागा लागते. 10 गाईंना 400, म्हणजे 20 बाय 20 चा गोठा बांधला की झालं. बांधून ठेवा नाहीतर मोकळ्या सोडा, हिशोब तोच. गव्हाण एका बाजूला जमेल तेवढी करा, गाई आळीपाळीने खातात. उगाच कुणाला नकाशाचे पैसे देऊ नका.”

40 हा आकडा हवेतून आलेला नाही, म्हणूनच तो खपतो. मोकळ्या सोडलेल्या गाईला छपराखाली 3.5 चौरस मीटर जागा द्यावी, अशी भारतीय मानकांची शिफारस आहे. फुटांत मांडली तर ती 38 होते, गवंड्याच्या तोंडी 40. पण त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात आणखी एक आकडा असतो: उघड्या आवारात 7 चौरस मीटर, म्हणजे साधारण 75 चौरस फूट. म्हशीला हेच आकडे 4 आणि 8 चौरस मीटर आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने पहिला रकाना उचलला आणि दुसरा सोडून दिला. म्हणजे मुक्त गोठ्यातल्या गाईची तीन भागांपैकी दोन भाग जागा गेली. वर तोच आकडा दावणीच्या गोठ्यालाही लावला, जिथे तो कधी नव्हताच.

दावणीचा गोठा चौरस फुटांनी मोजायचा नसतो. तो ओळीने मोजायचा असतो. संकरित गाईला उभं राहायला आणि बसायला रुंदी साडेतीन ते चार फूट आणि लांबी पाच ते साडेपाच फूट लागते. 10 गाई एका ओळीत बांधल्या तर चार फुटांप्रमाणे 40 फूट लांब गोठा हवा. 20 फुटांत बसवायच्या तर पाच-पाचच्या दोन ओळी कराव्या लागतील. लांबीचं जमलं. आता रुंदी धरा.

तोंडाकडे तोंड करून बांधू. मधे वैरण टाकायला चार फुटांची वाट, तिच्या दोन्ही अंगांना अडीच-अडीच फुटांची गव्हाण, मग दोन्हीकडे साडेपाच-साडेपाच फूट गाईची जागा. बेरीज करा: 4, 5 आणि 11, बरोबर 20. भिंत आली आणि गाईचा मागचा भाग भिंतीला टेकला. मूत्रनाली कुठे काढणार? शेण कुठून ओढणार? धार काढायला माणूस कुठून शिरणार? प्रत्येक ओळीमागे एक फूट नाली आणि किमान तीन फूट वाट धरली तर रुंदी 28 फुटांवर जाते. म्हणजे 20 बाय 28, एका गाईमागे 56 चौरस फूट. शेपटीकडे शेपटी बांधली तर मधली वाट आणि नाल्या सामाईक होतात, पण वैरण बाहेरच्या दोन्ही अंगांनी टाकावी लागते, त्यामुळे एकूण फार काही वाचत नाही.

पण गोठा 20 बाय 20 चा बांधून झालेला असतो, मग गवंडी कुठेतरी कात्री लावतो. बहुतेक वेळा ती गाईच्या उभ्या जागेला लागते. साडेपाचची साडेचार फूट झाली की गाईचे मागचे पाय नालीत किंवा नालीच्या काठावर येतात, आणि ती खुरांवर तिरकी उभी राहते. काहीजण उलटं करतात, जागा साडेसहा-सात फूट ठेवतात. मग शेण नालीत न पडता कोब्यावरच पडतं, गाय त्यातच बसते आणि कास भरते. सकाळी गोठ्यात शिरल्यावर शेणाचा पो कुठे पडलाय एवढं बघितलं तरी लांबी चुकली की बरोबर आहे ते कळतं. उतार मात्र विसरू नका. पुढून मागे साडेपाच फुटांत सव्वा ते दीड इंच पुरे, त्याहून जास्त दिला तर गाय रात्रभर मागे घसरत राहते.

पटत नसेल तर सरकारी मोजमाप बघा. रोजगार हमीतून मिळणाऱ्या गोठ्याचा 2021 च्या शासन निर्णयातला आराखडा सहा गुरांपर्यंतचा आहे: लांबी 7.7 मीटर, रुंदी 3.5 मीटर, एकूण 26.95 चौरस मीटर. फुटांत साधारण 290, म्हणजे सहा गुरांत एकामागे 48. आणि गव्हाण? पूर्ण 7.7 मीटर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणजे एका जनावराला सव्वाचार फुटांच्या आसपास. लांबी गव्हाणीने ठरली आहे आणि क्षेत्रफळ तिच्या मागून आलंय. मेसेजने नेमका हाच क्रम उलटा केला.

आता आळीपाळीबद्दल. हे मी ऐकून नाही, चूक करून सांगतोय.

माझा पहिला मुक्त गोठा लांबट होता. पट्टा रस्त्याला 15 फूट आणि मागे 70 फूट. सांगणाऱ्याने वैरण टाकायला सोपं म्हणून रस्त्याकडच्या 15 फुटांवरच गव्हाण घ्यायला लावली. गाई नऊ. क्षेत्रफळ 1050 चौरस फूट, म्हणजे एका गाईला 116, कागदावर श्रीमंती. पण मोकळ्या गाईला खाताना दोन ते अडीच फूट तोंड लागतं. अडीचने भागलं तर 15 फुटांत सहा गाई. उरलेल्या तीन रोज मागे उभ्या.

रोज त्याच तीन, हे महत्त्वाचं. गाईंमध्ये मोठी-धाकटी ठरलेली असते. शिंगवाली, जुनी, अंगाने भारी गाय आधी तोंड घालते आणि पोट भरल्याशिवाय हलत नाही. माझ्याकडे एक पहिलारू होती. संध्याकाळी कुट्टीवर पेंड टाकली की ती पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभी राहायची, मधूनच गव्हाणीकडे यायची, एकीने मान फिरवली की परत जायची. तिची पाळी येईपर्यंत गव्हाणीत कडब्याचे बुडखे उरलेले असायचे. पेंड, पाला, मुरघासातला दाणा, सगळं आधीच गेलेलं. मी जंताचं औषध दिलं, खनिज मिश्रण दिलं, डॉक्टरांना बोलावलं. गाय निरोगी निघाली. ती फक्त उपाशी होती, तेही भरल्या गव्हाणीसमोर.

शेणावरून हे मला आधीच कळायला हवं होतं. एकाच गोठ्यात, एकाच वैरणीवर, पुढच्या गाईंचं शेण पातळ पडत होतं आणि मागच्या तिघींचं घट्ट, थरथरांचं. पुढच्यांना सगळ्यांच्या वाटणीची पेंड, मागच्यांना नुसता चोथा. उपाय म्हणून कडेच्या कुंपणाला लागून प्लास्टिकचे ड्रम उभे चिरून आठ फूट तात्पुरती गव्हाण केली, आणि तीसुद्धा मुद्दाम जुन्या गव्हाणीपासून लांब, म्हणजे दांडगी गाय दोन्हीकडे राखण करू शकणार नाही. दूध लगेच उसळलं नाही. पण आठवडाभरात नऊही गाईंचं शेण सारखं दिसायला लागलं आणि पहिलारू टाकीपाशी उभी राहायची थांबली.

मेसेजमधल्या वाक्यात खरं तेवढं मान्य करतो. गव्हाणीत दिवसरात्र वैरण असेल, पेंड-मुरघास त्यात नीट मिसळलेलं असेल आणि शेवटच्या गाईलाही तोच घास मिळणार असेल, तर थोडी कमी लांबी चालून जाते. आपल्याकडे किती जणांची गव्हाण रात्री दोन वाजता भरलेली असते? सकाळ-संध्याकाळ टाकायची आणि दीड-दोन तासांत साफ, अशी रीत असेल तर सगळ्या गाईंची तोंडं एका वेळी बसलीच पाहिजेत. तपासायचं असेल तर वैरण टाकल्यावर दहा मिनिटांनी या आणि गव्हाणीबाहेर किती माना आहेत ते मोजा. सलग तीन दिवस त्याच गाई बाहेर दिसल्या तर लांबी कमी आहे.

“10 गाई” हा शब्दही फसवा आहे. 10 गाई असलेल्या घरी 10 जनावरं कधीच नसतात. समजा 10 गाई, चार कालवडी आणि दोन महिन्यांवरची तीन वासरं आहेत, गोठा मुक्त आहे. कालवडीला आणि अशा वासराला छपराखाली 2 आणि उघड्यावर 4 चौरस मीटर धरतात, फुटांत साधारण 21.5 आणि 43. छपराखाली गाईंचे 380 आणि लहानांचे 150, मिळून 530. उघड्यावर 750 आणि 300, मिळून 1050. एकूण 1580 चौरस फूट.

गव्हाण गाईंना 25 फूट, लहानांना दीड फुटांप्रमाणे साडेदहा. बेरीज साडेपस्तीस. फाटक आणि पाण्याची टाकी यांची जागा यात धरायची नाही, म्हणून ती बाजू 40 फूट घ्या. 1580 ला 40 ने भागलं की खोली जवळजवळ 40 येते. म्हणजे 40 बाय 40 आणि एका पूर्ण बाजूला गव्हाण, मधे आडवा पाइप घालून लहानांचा कप्पा वेगळा. तेवढीच जागा 20 बाय 80 ची घेऊन 20 फुटांवर गव्हाण केलीत तर आठ गाई खातील आणि दोन गाई, चार कालवडी, तीन वासरं बघत बसतील. क्षेत्रफळ दोन्हीकडे 1600 च.

छपराचं एक बघा. 530 चौरस फूट 40 फुटांवर पसरले तर पत्रा तेरा-चौदा फूट खोल येतो. गव्हाणीलगत गाय उभी राहून खाणार आणि तिच्यामागून दुसरी जाणार, त्यासाठी दहा फूट कोबा लागतो. बसायला छपराखाली उरले चार फूट. नगर-सोलापूरकडे वर्षातले आठ महिने हे खपतं, कारण गाई रात्री उघड्यावर मुरमातच बसतात. कोकणात आणि गोव्यात पावसाचे चार महिने उघडं आवार म्हणजे चिखल, काळ्या रानातही वेगळं नाही. तिथे पत्रा 20 ते 24 फूट खोल घ्या, भले उघडी जागा थोडी कमी झाली तरी चालेल. व्यायला आलेल्या गाईसाठी 10 बाय 13 चा कप्पा वेगळा, तो या हिशोबात धरलेला नाही.

नकाशाच्या पैशांबद्दल माझं भांडण नाही, तो खर्च खरंच वाचवता येतो. पाया खणायच्या आधी जमिनीवर फक्कीने गव्हाण, गाईची जागा, नाली आणि वाट आखा. मग घरातली सगळ्यात लांब गाय आणून त्या रेघांत उभी करा आणि शेणाची पाटी घेऊन तिच्या मागून जाऊन बघा.