कारगिलमध्ये बोफोर्सचा नेम कोण धरत होतं?

«कारगिलमध्ये बोफोर्सने समोर दिसणाऱ्या शिखरांवर सरळ नेम धरला आणि बंकर उडवले. पुढे बसलेला निरीक्षक, शत्रूच्या तोफा शोधणं, हे सगळं पहिल्या महायुद्धातलं. आता जीपीएस आणि ड्रोन आहेत, आकडे टाकले की गोळा तिथेच पडतो.»

सरळ नेमाची गोष्ट खोटी नाही. १९९९ मध्ये द्रासच्या बाजूला काही बोफोर्स तोफा पुढे आणल्या आणि तोफचींना डोळ्यांनी दिसणाऱ्या मोर्चांवर गोळे टाकले. पण तोफेला शिखर दिसतं तेव्हा शिखरावरच्या माणसालाही तोफ दिसते, म्हणून असा मारा थोडाच वेळ आणि थोड्याच ठिकाणी परवडतो. शिवाय गोळ्याचा मार्ग सपाट असल्यामुळे तो फक्त समोरच्या उतारावर पडतो. शत्रूचे तंबू, उखळी तोफा, दारूगोळ्याचा साठा आणि रसद येण्याची वाट हे सगळं असतं धारेच्या पलीकडे. त्या युद्धात भारतीय तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागले. त्यांतले बहुतेक अशा तोफांमधून गेले, ज्यांच्यासमोर फक्त डोंगराची भिंत होती. लक्ष्य दिसत होतं ते पायदळाच्या कंपनीबरोबर वर चढलेल्या ओपी अधिकाऱ्याला. ओपी म्हणजे निरीक्षण चौकी. दुर्बीण, होकायंत्र, अंतर मोजणारं लेझर यंत्र, नकाशा आणि रेडिओ एवढ्या सामानावर तो अधिकारी कित्येक किलोमीटर मागच्या तोफा चालवतो. हे काम नाशिकजवळच्या देवळालीच्या तोफखाना विद्यालयात शिकवलं जातं.

आता आकडे टाकण्याचा मुद्दा. लक्ष्याची जागा अगदी अचूक माहीत आहे असं धरू. तरीही साधा, म्हणजे मार्गदर्शन यंत्रणा नसलेला गोळा तिथे पडेल याची खात्री देता येत नाही, कारण चूक लक्ष्याच्या आकड्यात नसून वाटेत होते. कोणत्या कोनाला गोळा किती लांब जाईल हे सांगणारी रेंज टेबल ठरावीक प्रमाण हवामान धरून बनवलेली असतात. द्रास साधारण ३,३०० मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के भरते. ५,००० मीटरवर ती ६० टक्क्यांवर येते. हवा विरळ असली की अडथळा कमी होतो आणि गोळा टेबलातल्या अंतराच्या पुढे जातो. ही दुरुस्ती गणिताने करता येते, पण त्यासाठी गोळ्याच्या सगळ्या वाटेवरचं तापमान आणि वारा कळायला हवा. दरीत वारा एका दिशेला, धारेवर दुसऱ्या दिशेला आणि त्याच्याही वर तिसऱ्याच दिशेला वाहत असतो. शिवाय फेकदारूचं, म्हणजे गोळा नळीतून ढकलणाऱ्या दारूचं, तापमान असतं. दुपारी उन्हात तापलेली दारू आणि पहाटे गोठलेली दारू गोळ्याला सारखा वेग देत नाही, त्यामुळे दुपारी जुळवलेला मारा पहाटे आखूड पडतो. नळी जितकी झिजलेली, तितका वेग आणखी कमी. एवढं सगळं जमेस धरूनही एकाच तोफेचे, एकाच कोनात डागलेले दोन गोळे एका जागी पडत नाहीत. ते लांबट पट्ट्यात पसरतात, तोफेच्या दिशेने जास्त आणि आडवे कमी.

म्हणून पहिला गोळा कुठे पडला हे पाहून दुसरा सुधारावा लागतो. एक नमुना घेऊ. ओपीपासून २,००० मीटरवर, समोरच्या धारेवर दगड रचून केलेला मोर्चा आहे आणि तोफा १४ किलोमीटर मागे आहेत. निरीक्षक रेडिओवर आधी स्वतःची ओळख आणि मारा हवा असल्याची सूचना देतो. मग लक्ष्याची जागा सांगतो, आपण ते कोणत्या दिशेने पाहतो आहोत तो कोन सांगतो, आणि तिथे काय आहे, किती आहे, आडोसा कसला आहे ते सांगतो. सुरुवातीला एकच तोफ डागते. गोळा सुटला की तोफांकडून «शॉट» असा निरोप येतो. पडायच्या साधारण पाच सेकंद आधी «स्प्लॅश» येतो, म्हणजे निरीक्षकाने तेवढ्याच वेळापुरती दुर्बीण स्थिर धरायची.

धूर दिसतो तो मोर्च्याच्या उजवीकडे आणि अलीकडे. दुर्बिणीतल्या खुणांवर ६० मिल भरतात. पूर्ण वर्तुळाचे ६,४०० मिल धरतात, त्यामुळे एक किलोमीटरवर एक मिल म्हणजे जवळजवळ एक मीटर. इथे अंतर दोन किलोमीटर, म्हणून ६० गुणिले २ म्हणजे १२० मीटर. हुकूम जातो: डावीकडे १२०, वाढवा ४००. अंतर अंदाजाने थोडं थोडं वाढवत न जाता मुद्दाम मोठी उडी घेतात, म्हणजे पुढचा गोळा लक्ष्याच्या पलीकडे पडावा आणि लक्ष्य दोन गोळ्यांच्या मध्ये सापडावं. मग २०० कमी, १०० जास्त, असा तो फास दर वेळी अर्ध्यावर आणायचा. शेवटच्या ५० मीटरच्या दुरुस्तीबरोबर सगळ्या तोफांना एकदम मारा करायला सांगायचं.

मैदानात हे सरळ वाटतं, डोंगरात इथेच घोळ होतो. ४०० मीटर वाढवलेला गोळा धारेवरून पार जातो, पलीकडच्या दरीत खाली कुठेतरी पडतो आणि दिसतच नाही. तो फक्त पलीकडे गेला एवढंच कळतं, डावीउजवीकडची माहिती मिळत नाही. पलीकडचा उतार गोळ्याच्या उतरत्या मार्गाहून तीव्र असेल तर तिथला मोर्चा नेहमीच्या कोनाने गाठताच येत नाही. तेव्हा नळी ४५ अंशांच्या वर नेऊन गोळा जवळपास डोक्यावरून उतरवावा लागतो. त्याला एक मिनिटाहून जास्त वेळ हवेत राहावं लागतं, वाऱ्याला तेवढाच जास्त वाव मिळतो आणि पसारा वाढतो.

दुसरी फसगत बारीक आहे आणि नवख्यांना हमखास नडते. निरीक्षक तोफांच्या रेषेत नसून बाजूला बसलेला असेल, तर गोळ्यांचा लांबीतला नैसर्गिक पसारा त्याला डावीउजवीकडचा दिसतो. एक गोळा डावीकडे दिसला म्हणून उजवीकडे घ्या, पुढचा उजवीकडे दिसला म्हणून डावीकडे घ्या, असं करत तो नसलेल्या चुकीच्या मागे धावत राहतो आणि मारा कधीच जुळत नाही. म्हणूनच आपली पाहण्याची दिशा आधी सांगायची असते. तोफांजवळची गणना करणारी मंडळी तोफेची रेषा आणि निरीक्षकाची रेषा यांतला कोन काढतात आणि तो मोठा असेल तर निरीक्षकाला कळवतात.

शत्रूच्या तोफांवर मारा करणं कालबाह्य झालं, या म्हणण्याला खुद्द द्रासच उत्तर देतं. द्रासजवळच्या तोलोलिंग शिखरावर बसलेल्या पाकिस्तानी निरीक्षकांना द्रास आणि श्रीनगर–लेह महामार्ग खाली उघडा दिसत होता. नियंत्रण रेषेपलीकडच्या त्यांच्या तोफा याच नजरेवर चालत. महामार्गावरचे ताफे, अरुंद दरीत दाटीने लावलेल्या आपल्या तोफा आणि चढाईसाठी जमणारी पायदळाची तुकडी, सगळं त्यांच्या टप्प्यात होतं. १३ जूनला तोलोलिंग हाती आलं तेव्हा शिखराबरोबर शत्रूच्या तोफांचे डोळेही गेले. पण तोफा जागच्या जागी होत्या.

त्या शोधायला आपल्याकडे पुरेसं साधन नव्हतं. ब्रिटिश बनावटीची सिंबेलाइन रडार होती, पण ती मुळात उखळी तोफांसाठी बनवलेली. पाकिस्तानकडे मात्र अमेरिकी फायरफाइंडर जातीची रडार होती. रडार नसेल तर उरतात जुने उपाय. त्यांतला एक म्हणजे रात्री तोफेची झळक दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजणं. शून्य अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे ३३० मीटर जातो, म्हणजे २४ सेकंद झाले तर तोफ साधारण आठ किलोमीटरवर आहे. पण डोंगराआड झळक दिसत नाही आणि आवाज घुमून भलत्याच बाजूने येतो. दुसरा उपाय खड्ड्याचा. गोळा तिरपा येतो, त्यामुळे खड्ड्याचा आकार आणि तुकड्यांची फवारणी पाहून तो कोणत्या दिशेने आला ते काढता येतं. एका खड्ड्यावरून फक्त दिशा कळते, तोफ किती लांब आहे ते कळत नाही. दोन दूरच्या ठिकाणच्या दिशा नकाशावर एकमेकींना छेदतील तेव्हा कुठे जागेचा अंदाज येतो, आणि तोवर वेळ गेलेला असतो.

पहिल्या महायुद्धातलं हे काम जुनं म्हणून बाजूला सारण्याआधी तेव्हा त्यातून काय साधलं ते पाहावं. विल्यम लॉरेन्स ब्रॅग या भौतिकशास्त्रज्ञाच्या हाताखालच्या ब्रिटिश पथकांनी सहा-सहा मायक्रोफोन ओळीने मांडून, आवाज प्रत्येकाला कधी पोचतो यावरून तोफेची जागा काढली. सुरुवातीला हे फसत होतं, कारण ध्वनीहून वेगवान गोळ्याचा कडाका मायक्रोफोन आधी पकडत आणि तोफेचा खोल दणका त्यात हरवे. टकर नावाच्या सहकाऱ्याने १९१६ मध्ये तापवलेल्या तारेचा मायक्रोफोन आणला. तो फक्त खोल दणक्याला प्रतिसाद देत असे. ८ ऑगस्ट १९१८ ला फ्रान्समधल्या आमियाँच्या हल्ल्याआधी समोरच्या ५३० जर्मन तोफांपैकी ५०४ तोफांची जागा ब्रिटिशांना ठाऊक होती. त्या सगळ्या फोडण्याची गरजही नव्हती. पायदळ उघड्यावर येतं त्या पहिल्या तासांत शत्रूचे तोफची तोफेपाशी उभे राहू शकले नाहीत, की काम होतं.

आजचं रडार हेच काही सेकंदांत करतं. वर चढणाऱ्या गोळ्याच्या मार्गाचा तुकडा पकडून तो मार्ग मागे नेलं की तोफ सापडते, पुढे नेलं की गोळा कुठे पडणार ते कळतं. त्यामुळे तोफ एकाच जागी चारपाच मिनिटं डागत राहिली तर उत्तर तिच्यावरच येऊन पडतं. म्हणून आता गोळे टाकून लगेच जागा बदलतात. रडारलाही मर्यादा आहेत. गोळा आडव्या धारेच्या वर येईपर्यंत ते आंधळं असतं, सपाट मार्गाचा गोळा त्याला फार थोडा वेळ दिसतो, आणि ते स्वतः लहरी सोडतं म्हणून जास्त वेळ चालू ठेवलं तर शत्रूला सापडतं. कारगिलनंतर भारताने अमेरिकेकडून एएन/टीपीक्यू-३७ ही तोफा शोधणारी रडार घेतली आणि डीआरडीओ व भारत इलेक्ट्रॉनिक्स यांनी ‘स्वाती’ हे रडार उभं केलं.

राहिला ड्रोन. त्याने निरीक्षकाचा डोळा धारेच्या पलीकडे नेला, ही फार मोठी गोष्ट आहे. हरवलेला गोळा आता दिसतो. पण डावीकडे किती आणि पुढे किती हे सांगणारा माणूस पडद्यासमोर बसलेला असतोच आणि त्याचं गणित बदललेलं नाही. युक्रेनमध्ये रशियाच्या जॅमिंगमुळे जीपीएसवर चालणाऱ्या एक्सकॅलिबर गोळ्यांची अचूकता इतकी घसरली की साध्या गोळ्यांचा पाहून सुधारलेला माराच मुख्य राहिला. त्याच आघाडीवर दोन्ही बाजूंचे ड्रोन आवर्जून शोधतात त्या तोफा आणि त्या तोफांची जागा सांगणारी रडार.