ताजेपणाचे गुण द्या, पण विश्वास बघून

शोधयंत्रात बातम्यांची क्रमवारी लावताना जुन्या पानांचे गुण वयाप्रमाणे सरसकट कापत जाणं हा सोपा उपाय आहे, आणि माझ्या मते चुकीचा. ‘भूकंप’ हा शब्द घ्या. एरवी तो शोधणाऱ्याला भूकंप का होतात हे वाचायचं असतं. धक्का बसल्यावर दहा मिनिटांत शोधणाऱ्याला केंद्र कुठे, तीव्रता किती, हे हवं असतं. म्हणून पानाचं वय पाहण्याआधी या शब्दाला आत्ता ताजेपणा हवा आहे का, हे ठरवावं लागतं. गूगलच्या अमित सिंघल यांनी 2007 मध्ये हीच कल्पना जाहीरपणे मांडली होती.

ओळखायचं कसं? या तासातले शोध मागच्या काही आठवड्यांतल्या त्याच वाराच्या, त्याच तासाच्या सरासरीशी ताडून बघा. शोध अचानक वाढलेत आणि बातम्यांची संकेतस्थळंही त्यावर लिहू लागलीत, तरच ताजेपणाचं वजन, म्हणजे खालच्या सूत्रातला w, वाढवा. नुसती शोधांची वाढ पुरत नाही, ती बॉटमुळेही होते.

```
गुण = (1 - w) × दर्जा + w × ताजेपणा
ताजेपणा = 2^(-वय / 6)    (वय तासांत)
```

धक्क्यानंतर w 0.6 झालं असं धरू. दोन तासांपूर्वीच्या चांगल्या बातमीचा दर्जा 0.5, तिला 0.68 गुण. दहा मिनिटांपूर्वीच्या अफवेचा दर्जा जेमतेम 0.1, तरी तिला 0.63. आणि 0.9 दर्जाच्या, वर्षानुवर्षं खात्रीच्या माहितीपानाला फक्त 0.36! गडबड इथेच होते. ताजेपणा कोणालाही फुकटात मिळतो, पान आत्ता टाकलं की झालं.

म्हणून ताजेपणाला संकेतस्थळाच्या विश्वासार्हतेने गुणा. बातमीच्या स्थळाला 0.8 आणि अफवेच्या स्थळाला 0.1 धरलं, तर बातमी 0.58 वर राहते, अफवा 0.10 वर कोसळते आणि माहितीपान 0.36 वर, म्हणजे दोघींच्या मधे, टिकतं. मला हाच क्रम योग्य वाटतो.

वय मोजतानाही फसगत होते. पानावरच्या `dateModified` या बदलाच्या तारखेवर विसंबू नका, कारण मजकुरात एक अक्षरही न बदलता रोज तारीख पुढे ढकलणारी स्थळं पुष्कळ आहेत. मेनू, जाहिराती, ‘हेही वाचा’ वगळून मुख्य मजकुराचा ठसा काढा, मागच्या भेटीच्या ठशाशी ताडा, आणि खरा फरक दिसला तरच वय नव्याने मोजा. उलट, भूकंपमापन संस्थेच्या पानाचा पत्ता जुनाच असतो पण आतला तक्ता दर काही मिनिटांनी बदलतो. पान पहिल्यांदा दिसलं त्या तारखेवरून वय धरलंत, तर नेमका सर्वांत भरवशाचा स्रोत शिळा ठरतो.

दरवर्षी होणाऱ्या घटनांचं दुखणं वेगळं. गेल्या वर्षीच्या निकालाच्या पानाला इतके दुवे जमलेले असतात की यंदाचं पान खाली दबतं. तिथे मजकुरातलं वर्ष वाचावंच लागतं.

शोध ओसरले की w हळूहळू उतरवा. एकदम शून्यावर आणलंत, तर पश्चात धक्क्यांची माहिती शोधणाऱ्यांसमोर पुन्हा भूकंप का होतात तेच येतं.