पगार किती वाढेल, यापेक्षा ती वाढ किती वर्षं टिकेल?

दिवाळीच्या सुट्टीत बहीण आमच्या दांडिया बाजारच्या घरी आली, ती भाच्याच्या कोर्सचं माहितीपत्रक घेऊनच. म्हणाली, "दादा, पैसे भरायचे की नाही ते तूच सांग. तू याच धंद्यातला." तिला सांगितलेलं सगळं इथे लिहितोय, कारण बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांत आज हाच प्रश्न आहे.

भाचा 23 वर्षांचा. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केलाय. मकरपुरा जीआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात दोन वर्षं वायरिंग आणि टेस्टिंग करतोय, पगार 19,000. कोर्स पीएलसी-स्काडाचा, म्हणजे मशीन चालवणारा छोटा संगणक आणि स्क्रीनवरून त्यावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर यांचा. तीन महिने, दिवसभराचा, फी 45,000. नोकरी सोडावी लागणार, म्हणजे तीन महिन्यांचे 57,000 बुडणार. एकूण खर्च 1,02,000. त्यानंतर महिना 10,000 जास्त मिळतील, असं संस्था सांगते. तो शब्द खरा धरला, तर साधारण दहा महिन्यांत पैसे वसूल. बहुतेक घरांत हिशेब इथेच थांबतो आणि चेक फाडला जातो.

मी त्याला पुढचा प्रश्न विचारला. हे 10,000 किती वर्षं जास्त मिळत राहतील? तीच संस्था दर तीन महिन्यांनी नवी बॅच बाहेर काढते. सगळ्यांच्या हातात तेच प्रमाणपत्र, तीच एका कंपनीच्या सॉफ्टवेअरची ओळख. चार वर्षांनी 24,000 वर तेच काम करायला तयार मुलगा मिळत असेल, तर मालक भाच्याला वर्षानुवर्षं जास्त का देईल? म्हणून समजा, वाढीव पगाराचा फायदा चार वर्षं टिकला. 1,20,000 गुणिले चार, म्हणजे 4,80,000. आता दुसरं कौशल्य घ्या. ते महिना 4,000 च जास्त देतं, पण वीस वर्षं टिकतं. 48,000 गुणिले वीस, म्हणजे 9,60,000. दुप्पट.

अर्थात वीस वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो. आठ टक्के दराने आजची किंमत काढली, तर पहिल्याचे सुमारे 3,97,000 होतात आणि दुसऱ्याचे 4,71,000. अंतर खूपच कमी झालं, पण कल बदलला नाही. शिवाय दुसऱ्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही, म्हणजे 57,000 वाचतात.

मग टिकतं काय? आमच्या क्षेत्रातलं बोलतो. सॉफ्टवेअरमधलं कुठलं बटण कुठे आहे, हे ज्ञान सर्वांत आधी शिळं होतं. पीएलसीच्या भाषांचं आंतरराष्ट्रीय मानक 1993 साली आलं. त्यातली इन्स्ट्रक्शन लिस्ट ही एक भाषा 2013 च्या आवृत्तीने कालबाह्य ठरवली. ज्यांना तेवढंच येत होतं ते अडकले. ज्यांना प्रक्रिया कळत होती, त्यांनी तेच लॉजिक दुसऱ्या भाषेत उतरवलं.

याउलट टाकीची पातळी किंवा तापमान तारेतून स्क्रीनपर्यंत कळवणारा 4 ते 20 मिलिअँपिअरचा सिग्नल मी नोकरीला लागलो तेव्हाही होता आणि आजही आहे. टाकी रिकामी असली तरी सिग्नल शून्य का नसतो, 4 का असतो? कारण तार तुटली की करंट शून्य होतो. रिकामी टाकी आणि तुटलेली तार यांत फरक कळावा म्हणून खालची पातळी 4 वर ठेवलीय. हे समजलेला माणूस स्क्रीनवरचा आकडा पाहून दोष टाकीत आहे, मोजून सिग्नल पाठवणाऱ्या ट्रान्समीटरमध्ये आहे की वायरिंगमध्ये, हे शोधायला लागतो. हा शोध रिफायनरीत लागतो, खताच्या कारखान्यात लागतो, डेअरीतही लागतो. कोर्स निवडताना एवढंच विचारा: तुम्ही मुद्दाम बिघाड करून ठेवता का, आणि तो आम्हाला शोधायला लावता का? जिथे फक्त चालू किटवर दिवे लावून दाखवतात, तिथे पैसे भरू नका.

एक सापळा मात्र वेगळा आहे आणि त्यात मी स्वतः नऊ वर्षं होतो. एका कारखान्यात जुन्या परदेशी मशीनची कंट्रोल सिस्टिम फक्त मलाच कळायची. मध्यरात्री फोन यायचा आणि मला वाटायचं, माझ्यावाचून यांचं चालणारच नाही. मशीन भंगारात गेलं त्या वर्षी मी बाहेर मुलाखती द्यायला लागलो, तेव्हा कळलं की त्या ज्ञानाला दारापलीकडे किंमत नव्हती. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात हाच फरक मांडला होता: काही कौशल्य सगळीकडे चालतं, काही एकाच मालकाकडे. दुसऱ्या प्रकारचं कौशल्य असलेल्याला मालकाने बाजारभावापेक्षा खूप जास्त द्यायचं कारण नसतं, कारण दुसरीकडे त्याला तो भाव मिळणारच नसतो.

भाच्यासाठी मी सुचवलं ते लूपच्या, म्हणजे ट्रान्समीटरपासून स्क्रीनपर्यंतच्या सिग्नलच्या वाटेच्या, ज्ञानाशेजारी दुसरं कौशल्य: औषध कारखान्यांतलं व्हॅलिडेशन, म्हणजे यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालते हे तपासून लेखी दाखवणं. बडोद्याच्या आसपास, पादरा-हालोलकडे, औषध कंपन्या आहेत आणि त्यांतल्या काही अमेरिकेला माल पाठवतात. अमेरिकेचा इलेक्ट्रॉनिक नोंदींचा नियम 1997 पासून लागू आहे. सेटपॉइंट, म्हणजे मशीनला ठरवून दिलेला आकडा, कोणी बदलला, कधी, आधी किती होता, हे मशीनने स्वतः नोंदवलेलं असावं लागतं. ते खरंच नोंदवलं जातं का, हे तपासून लिहून ठेवणं हेही एक काम आहे.

ते कसं, तर तापमानाच्या ट्रान्समीटरच्या जागी लूपला 4, 8, 12, 16, 20 मिलिअँपिअर द्यायचे, स्क्रीनवर 0, 25, 50, 75, 100 टक्के येतात का बघायचं. मान्य फरक आधीच लिहिलेला असतो. मीटरच्या कॅलिब्रेशन प्रमाणपत्राचा क्रमांक, सही, तारीख टाकायची. चुकलं तर खोडायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही-तारीख. लूप कळणाऱ्यांना इंग्रजीत लिहिण्याचा कंटाळा आणि लिहिणाऱ्यांना लूपचं ड्रॉइंग वाचता येत नाही. दोन्ही येणारे थोडे. एकेकट्या कौशल्याची गर्दी आहे, जोडीची नाही, आणि हे कौशल्य वीस वर्षं टिकेल या माझ्या आशेचं कारण तेच.

याला मर्यादाही आहे. निर्यात मंदावली तर व्हॅलिडेशनचं काम आधी कमी होईल. तेव्हा लूपचं ज्ञान दुसऱ्या उद्योगात घेऊन जाता येईल, म्हणून ते पहिलं पक्कं हवं.

माझा शब्द प्रमाण मानू नकोस, असं सांगून मी त्याला 30 जाहिराती जमवायला लावल्या: बडोदा, हालोल, अंकलेश्वर, दहेज. अर्ध्या दोन ते पाच वर्षं अनुभवाच्या, अर्ध्या आठ ते बारा वर्षांच्या. जे शब्द दोन्हीकडे येतात ते टिकाऊ. फक्त पहिल्या गठ्ठ्यात येतात ते नोकरीचं दार उघडतात, पण पुढे पगार चढवत नाहीत. सॉफ्टवेअरची नावं बहुतेक पहिल्या गठ्ठ्यात निघाली. कॅलिब्रेशन, लूप तपासणी आणि कागदपत्रं दोन्हीकडे. दोन रविवार गेले, फुकटात झालं.

शेवटी त्याने 45,000 भरले नाहीत. नोकरी चालू ठेवून रविवारची बॅच धरलीय आणि मालकाकडे स्वतःहून पॅनेलच्या टेस्ट रिपोर्टचं लिखाण मागून घेतलंय. परवा पहिला रिपोर्ट मला दाखवायला आणला, "मामा, बघा, एक आकडा चुकला होता." त्याने रेघ मारून सही केली होती, पण तारीख टाकायची राहिली होती. ती मी टाकायला लावली.

औषध कंपनीत काम करणाऱ्या कुणाकडे कोरा व्हॅलिडेशनचा नमुना असेल, ज्यात गोपनीय काही नाही, तर मला मेसेज करा. त्याला सरावाला हवाय.